मंजू, काल रात्रीच्या फोननंतर

मंजू,

सकाळी मुद्दाम फोन केला नाही. प्रशांत घरात असेल, ओवीची शाळेची गडबड असेल, आणि बाथरूमचा नळ सोडून दबक्या आवाजात बोलायची वेळ तुझ्यावर यायला नको. म्हणून लिहितेय. सवडीने वाच. उत्तर आजच द्यायला हवं असं नाही.

काल साडेअकराला तू आधी बराच वेळ नुसती रडत होतीस, मग सगळं भडाभडा बोललीस. मी नीट ऐकलं ना, तेवढं बघ. कुठे चुकलं असेल तर सांग.

आरडी प्रशांतच्या नावावर, पण ३ वर्षं दरमहा दोघांनीही ५-५ हजार टाकले, फ्लॅटच्या बुकिंगसाठी. त्यातले दीड लाख त्याने धाकट्या भावाला पोल्ट्रीच्या शेडसाठी दिले आणि तुला ते जाऊबाईंच्या तोंडून कळलं. तू जाब विचारलास. तो म्हणाला, "माझ्या भावाला द्यायला परवानगी लागते का?" तू म्हणालीस, "तुझ्या घरच्यांनी तुला आयुष्यभर लुटलंय." मग त्याने ताट आपटलं. ओवी दारात उभी होती.

दीड लाख हा आकडा तू एकदाच बोललीस. "जाऊबाईंकडून कळलं" हे मात्र चार वेळा. मला वाटतं जास्त लागलंय ते हेच, की आपल्या घरातली गोष्ट आपल्यालाच शेवटी कळली. तसं नसेल तर माझं म्हणणं सोडून दे.

"सांग ना, कोण चुकलं?" असं तू दोनदा विचारलंस आणि मी गप्प राहिले. तुझं पटलं नाही म्हणून नव्हे. मी फक्त तुझ्याकडून ऐकलंय. आणि काल मी त्याला चार शिव्या घातल्या असत्या तर तुला घटकाभर बरं वाटलं असतं, पण तुमचं पुन्हा जुळलं की त्या शिव्या आपल्या दोघींत राहिल्या असत्या. पुढच्या वेळी मला फोन करताना तू बिचकली असतीस. ते मला नकोय. त्याचा फोन आला तर त्याचंही ऐकेन. पण तू बोललेलं त्याच्या कानावर जाणार नाही आणि त्याचं तुझ्या.

एक मात्र स्पष्ट विचारते. ताट जमिनीवर आपटलं, की तुझ्या दिशेने फेकलं? हात उगारला होता का, काल किंवा आधी कधी? नसेल तर "नाही" एवढंच लिही. असेल तर मग मी मध्यस्थ नाही, तुझ्याबरोबर आहे. कितीही वाजले असोत, फोन कर, मी वारज्याहून धायरीला गाडी घेऊन येते. माझा लागला नाही तर ११२, किंवा महिलांसाठीचा १८१.

आजच्यापुरतं सांगू? आधी पोटात काहीतरी घाल, काल रात्रीपासून तू उपाशी आहेस. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि जाऊबाईंना काही लिहू नकोस. लिहिलेलं उद्या सगळे वाचून दाखवतात. ओवीला शाळेतून आल्यावर जवळ घेऊन एवढंच सांग, "आईबाबा भांडले, पण ते तुझ्यामुळे नाही." सहा वर्षांच्या पोरी सगळं स्वतःवर घेतात. कोणाचं चुकलं हे तिला सांगू नकोस आणि विचारूही नकोस.

माहेरी जायचं की नाही, ते तू ठरव. जायचंच असेल तर दिवसाढवळ्या, ओवीचं दप्तर-गणवेश घेऊन, आणि कधी परत येणार ते प्रशांतला सांगून जा. न सांगता गेलीस तर दोन्हीकडची मोठी माणसं बैठकीला बसतील आणि दोघांचं भांडण दहा जणांचं होईल.

त्याच्याशी बोलायची इच्छा होईल तेव्हा रात्री नको, जेवण झाल्यावर, ओवी खाली खेळायला गेली असताना बोल. विषय एकच घे: यापुढे किती रकमेच्या वर एकमेकांना विचारायचं. दीर, सासूबाई, लग्नातला मानपान, काही मध्ये आणू नकोस. "लुटलंय" हा शब्द तुलाच सलतोय असं तू म्हणालीस. तो मागे घ्यावासा वाटला तर घे. त्याने पैशांचा प्रश्न मिटत नाही, तो वेगळा विचारायचा.

तू अगदी शेवटी सांगितलंस, की तो मध्येच उठला, गॅसचं बटण बघितलं, बाहेर राहिलेली तुझी चप्पल आत आणून ठेवली आणि परत हॉलमध्ये जाऊन झोपला. त्यावर तू जास्त रडलीस. त्याचा अर्थ मी लावत नाही, फक्त तू सांगितलेलं माझ्या लक्षात आहे.

आज ४ ते ६ मी मोकळी आहे. यायचं असेल तर ये, नुसतं पडून राहायचं असलं तरी चालेल. ओवीला शाळेतून मी आणू शकते, साडेतीनपर्यंत कळव म्हणजे निघते. मुगाची खिचडी टाकतेय, तुझ्या वाटची धरून.