600 गिअरबॉक्स हाऊसिंगच्या ऑर्डरसाठी 12 लाख रुपये ॲडव्हान्स मिळणेबाबत

उद्यमबाग, बेळगाव
दि. 12 जानेवारी 2026

मा. खरेदी प्रमुख साहेब,
शिरोली एमआयडीसी, कोल्हापूर

स.न.वि.वि.

48 किलोच्या 600 हाऊसिंगची, एसजी आयर्न 500/7 ग्रेडची आपली ऑर्डर मिळाली. एवढं मोठं काम आपण आमच्यावर सोपवलंत, याचा आमच्या सगळ्या कामगारांना आनंद आहे. काम वेळेत आणि चोख व्हावं म्हणूनच ही विनंती करतो आहे.

आपला नेहमीचा माल आम्ही साठ दिवसांच्या उधारीवर देतो आणि पुढेही देऊ. त्याचे पॅटर्न तयार आहेत, लॉट लहान असतात, त्यामुळे ते निभतं. हे काम तसं नाही. ॲल्युमिनियमचा पॅटर्न आणि कोअर बॉक्स नव्याने करायचे आहेत, त्यालाच 4,20,000 रुपये लागतील. हा पॅटर्न फक्त आपल्याच ड्रॉइंगचा. ऑर्डर थांबली तर तो दुसऱ्या कुणाच्या कामाचा नाही. पहिल्या 240 नगांना स्क्रॅप, मॅग्नेशियम अलॉय, रेझिन धरून सव्वासात लाखांच्या आसपास खर्च आहे. स्क्रॅपवाले आता रोख मागतात, आणि भट्टीचं वीजबिल हेस्कॉमला महिन्याच्या महिन्याला भरावंच लागतं. म्हणजे पहिला नग आपल्या दारात येण्याआधीच आमचे बारा लाखांवर गुंतणार. बँकेची सीसी लिमिट नेहमीच्या मालातच अडकलेली असते.

म्हणून 38,01,600 रुपयांच्या मूळ किमतीपैकी 12,00,000 रुपये ॲडव्हान्स द्यावेत. नगामागे 2,000 रुपये याप्रमाणे ही रक्कम प्रत्येक बिलातून वजा होईल, म्हणजे शेवटच्या नगाबरोबर हिशेब पूर्ण मिटेल.

आपल्या पैशाची काळजी आम्हालाही आहे. पॅटर्न आपल्याच मालकीचा राहील, तसं पीओमध्ये लिहून घ्यावं. आधी पाच सॅम्पल टीसीसह पाठवू. दुरुस्तीनंतरही ते आपल्या क्वालिटी विभागाने नाकारले, तर पॅटर्नचा खर्च सोडून उरलेले 7,80,000 रुपये पंधरा दिवसांत परत करू.

अकाउंट्स विभागासाठी एक खुलासा: मालाच्या ॲडव्हान्सवर जीएसटी भरावा लागत नाही, ही सवलत 15 नोव्हेंबर 2017 पासून आहे. आम्ही रकमेची पावती देऊ. 18 टक्के आयजीएसटी माल निघताना बिलात लागेल.

24 जानेवारीपर्यंत रक्कम आली तर फेब्रुवारीअखेर सॅम्पल आणि मंजुरीनंतर तीन आठवड्यांत पहिला लॉट देऊ. तारीख पुढे गेली तर पॅटर्नचं कामही तितकंच पुढे जाईल, हे आताच सांगून ठेवणं बरं. रकमेबद्दल किंवा वजावटीबद्दल काही वेगळं सुचवायचं असेल तर मी स्वतः शिरोलीला येतो. आपले इंजिनिअर पॅटर्न पाहायला फौंड्रीत आले तर फारच उत्तम.

वरील अटींसह सुधारित पीओ पाठवावा, ही विनंती.

कळावे,
आपला विश्वासू,
पाटील
भागीदार