विषय: माझा एडिट केलेला खोटा फोटो तातडीने काढून टाकण्याबाबत

दि. १७ फेब्रुवारी २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी

महोदय,

मी औसा तालुक्यातल्या (जि. लातूर) एका गावात राहते आणि तिथल्या महिला बचत गटाची अध्यक्ष आहे. १४ फेब्रुवारीला रात्री ८.४० वाजता तुमच्याकडच्या एका खात्यावरून माझा फोटो टाकला गेला. त्यात माझ्या हातात पाचशेच्या नोटांची बंडलं आहेत आणि वर लिहिलंय, "गटाचे पैसे कुठं गेले बघा." चेहरा माझा आहे, साडी माझी आहे. नोटा आणि त्या धरलेले हात माझे नाहीत.

मूळ फोटो २६ जानेवारीचा, जिल्हा परिषद शाळेतल्या झेंडावंदनानंतरचा. तेव्हा माझ्या हातात गटाला मिळालेलं प्रशस्तिपत्र होतं. शाळेतल्या सरांनी तो काढून त्याच दिवशी गावच्या ग्रुपवर टाकला होता. त्यांच्या मोबाईलमधली फाईल mool_photo.jpg जशीच्या तशी जोडली आहे. तिच्या तपशिलात तारीख आणि वेळ दिसते.

दोन्ही फोटो शेजारी ठेवून फक्त डावा हात बघा. चार वर्षांपूर्वी सोयाबीन काढताना विळा लागून माझ्या करंगळीचं टोक गेलं. मूळ फोटोत ती आखूड करंगळी प्रशस्तिपत्राच्या कडेवर स्पष्ट दिसते. खोट्या फोटोत पाचही बोटं धड आहेत. माझ्या हाताचा आजचा फोटोही hat.jpg या नावाने जोडला आहे. शिवाय मागच्या भिंतीवरच्या सुविचाराची अक्षरं बंडलांजवळ येऊन वितळल्यासारखी झाली आहेत.

मूळ पोस्ट आणि ती पुढे टाकणारी दोन खाती, अशा तिन्हींच्या लिंक links.txt मध्ये आहेत. वेळेसह स्क्रीनशॉट आणि cybercrime.gov.in वरच्या तक्रारीची पोच वेगळी जोडली आहे.

१५ तारखेला मी ॲपमधून रिपोर्ट केला होता. दुसऱ्या दिवशी "नियमांचं उल्लंघन आढळलं नाही" एवढंच उत्तर आलं. १५ तारखेलाच, शनिवारी, गटाच्या बैठकीत तिघींनी हप्ता भरला नाही. अकरा वर्षं मी या बायकांचा पै-पैचा हिशोब लिहिते आहे. त्यातली एक माझ्याकडे न बघता उठून गेली, ते मला फार लागलं.

माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ मधील नियम ३(२)(ख) नुसार, फेरफार केलेल्या प्रतिमेबद्दल त्या व्यक्तीने स्वतः तक्रार केल्यास २४ तासांत ती हटवण्याची कार्यवाही तुम्ही करायची आहे. म्हणून तिन्ही पोस्ट काढा, तोच फोटो पुन्हा चढवता येणार नाही असं बघा, आणि खात्यांची नोंद पोलीस तपासासाठी जपून ठेवा, ती पोस्टबरोबर पुसू नका. या वेळी ठरलेलं छापील उत्तर न पाठवता माणसाने फोटो बघून मला लेखी कळवावं. तसं झालं नाही तर मी तक्रार अपील समितीकडे जाईन.

आपली,
कल्पना शिंदे
ता. औसा, जि. लातूर