कर्ज नामंजुरीचा फेरविचार व्हावा म्हणून अर्ज

दि. 24 नोव्हेंबर 2025

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक साहेब,
उद्यमबाग, बेळगाव

विषय: 12 लाख रुपयांच्या मशिनरी कर्जाचा फेरविचार, दुरुस्त आयकर विवरणासह
संदर्भ: आपले 29 ऑक्टोबर 2025 चे नामंजुरीचे पत्र

महोदय,

सीएनसी टर्निंग मशीनसाठी मी केलेला अर्ज आपण नामंजूर केला. कारणे दोन दिली आहेत: वार्षिक उत्पन्न 4,30,000 रुपये हप्त्यांना पुरत नाही, आणि आयकर व जीएसटीमधील उलाढालीचे आकडे जुळत नाहीत. दुसरी तफावत आपल्या अधिकाऱ्यांनी बरोबर पकडली. पहिले कारण त्याच चुकीतून आले आहे.

2024-25 मध्ये माझी जॉबवर्कची उलाढाल जीएसटी विवरणाप्रमाणे 28,74,000 रुपये होती, पण आयटीआरमध्ये 19,86,000 गेली. फरक 8,88,000 रुपयांचा. हे सगळे एकाच गिऱ्हाइकाचे काम आहे. ऑक्टोबर 2024 पासून मार्चअखेरपर्यंत मी त्यांच्या पंप केसिंगचे मशीनिंग केले. ते प्रत्येक बिलातून 1 टक्का टीडीएस कापत होते, पण दोन्ही तिमाहींचे विवरण त्यांनी भरलेच नव्हते. त्यामुळे फॉर्म 26एएसमध्ये त्यांचे नावही नव्हते. माझे विवरण भरणाऱ्यांनी बिलबुक न उघडता 26एएस समोर ठेवून आकडा टाकला. मीही ओटीपी सांगून मोकळा झालो, आकडा पाहिला नाही. ती चूक माझी.

आपले पत्र हातात आल्यावर मी चलनांची फाईल घेऊन त्या गिऱ्हाइकाच्या ऑफिसात बसलो. 3 नोव्हेंबरला त्यांनी दोन्ही तिमाहींचे विवरण भरले. 26एएसमध्ये रक्कम दिसल्यावर 14 नोव्हेंबरला कलम 139(5) खाली सुधारित आयटीआर-4 भरले आणि त्याच दिवशी ई-व्हेरिफाय केले. मजुरी, वीज आणि टूल्सचा खर्च वजा जाता उत्पन्न आता 6,72,000 रुपये आहे.

कर्ज नाकारल्यावर उत्पन्न वाढवून आणले, अशी शंका आपल्याला येणे साहजिक आहे. म्हणून दोन गोष्टी सांगतो. 2024-25 साठी नव्या करप्रणालीत 7 लाखांपर्यंत कर पडत नव्हता, म्हणजे आधीच्या आकड्यावरही कर शून्य आणि आताच्याही शून्यच. उलट या चुकीमुळे माझा कापला गेलेला 8,880 रुपयांचा टीडीएस परत मागायचा राहिला होता. उत्पन्न लपवणारा माणूस स्वतःचे पैसे सरकारकडे सोडत नाही. दुसरे, माझे चालू खाते आपल्याच शाखेत आहे. त्या गिऱ्हाइकाची प्रत्येक रक्कम, जीएसटी धरून आणि टीडीएस वजा जाऊन, याच खात्यात आली आहे. बिल नंबरसह तक्ता जोडला आहे. उताऱ्याशी ताडून पाहावा.

आता हप्त्यांचे. 10.50 टक्क्यांनी 60 महिन्यांसाठी 12 लाखांचा हप्ता सुमारे 25,800 रुपये येतो. टेम्पोचा 9,800 रुपयांचा हप्ता धरला तर 35,600 होतात. जुन्या आकड्याप्रमाणे महिन्याला 35,833 रुपये मिळत होते, तेव्हा आपण नको म्हणालात ते योग्यच होते. आताचे मासिक उत्पन्न 56,000 आहे आणि टेम्पोचा शेवटचा हप्ता जानेवारी 2026 मध्ये फिटतो. त्यानंतर फक्त 25,800 राहतील.

एवढेही जास्त वाटत असेल तर कर्ज 10 लाख करावे. हप्ता सुमारे 21,500 येईल. मशीनचे कोटेशन 16,20,000 रुपयांचे आहे. माझे 4,20,000 तयार आहेत, उरलेल्या दोन लाखांसाठी पत्नीच्या नावावरची ठेव मोडू. ती आपणहून तयार झाली आहे. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म उद्योगाला 10 लाखांपर्यंत तारण मागू नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आपल्याला ठाऊक आहेच.

जागेबद्दल पत्रात काही नाही, पण पाहणीला आलेल्या साहेबांनी हेस्कॉमचे बिल दुसऱ्याच्या नावावर असल्याचे विचारले होते. मीटर शेडमालकांच्या नावावर आहे. करार कन्नडमध्ये असून तो व मालकांचे संमतीपत्र सोबत आहे.

कोटेशनची मुदत 15 डिसेंबरपर्यंत आहे. साध्या लेथवर एक केसिंग बसवायला आणि माप काढायलाच वेळ जातो, म्हणून आलेली कास्टिंग परत पाठवावी लागतात. गेल्या आठवड्यातच 40 नग परत गेले. तेव्हा निर्णय मुदतीच्या आत मिळावा. मूळ कागद पाहायचे असतील तर फोन करावा, दुपारी दोननंतर मी शाखेत येऊ शकतो. वरिष्ठ कार्यालयाला पाठवण्यासाठी या पत्राची इंग्रजी प्रतही जोडली आहे.

आपला विश्वासू,
परशराम यल्लाप्पा पाटील
मच्छे, ता. जि. बेळगाव

सोबत: सुधारित आयटीआर-4 ची पावती व उत्पन्नाची आकडेमोड, नवीन 26एएस व एआयएस, 12 महिन्यांची जीएसटीआर-3बी, त्या गिऱ्हाइकाच्या बिलांच्या प्रती व जमा रकमांचा तक्ता, भाडेकरार व संमतीपत्र, टेम्पो कर्जाचा उतारा.