दावा चुकला, हे कळणार कसं?

(तत्त्वज्ञान, प्रथम वर्ष. विज्ञानाचं तत्त्वज्ञान: पहिलं टिपण)

एखाद्या ज्योतिष्यानं सांगितलं, "मुलगा हुशार आहे, पण ग्रहांची साथ मिळाली तर चमकेल." मुलगा बोर्डात आला, तर साथ मिळाली. नापास झाला, तर नाही मिळाली. काहीही घडलं तरी विधान उभंच. आता सांगा, ते चुकीचं आहे असं आपण कधी म्हणू शकू? कधीच नाही. आणि गंमत अशी, की यामुळेच ऐकणाऱ्याला ते भक्कम वाटतं.

2008 साली जयंत नारळीकरांनी पुण्यात याच ज्योतिषाला वेगळा प्रश्न विचारला. सोबत अंधश्रद्धा निर्मूलन समिती होती. शंभर हुशार आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या कुंडल्या तयार केल्या. प्रत्येक ज्योतिष्याला त्यांतल्या 40 दिल्या आणि कुठली कोणत्या गटातली ते ओळखायला सांगितलं. नुसतं नाणं उडवलं तरी सुमारे 20 बरोबर येणार. म्हणून आधीच ठरवलं होतं: किमान 28 बरोबर आली पाहिजेत. 51 जणांनी कुंडल्या घेतल्या, 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी यश निघालं शेकडा 46, सगळ्यांत वरचा 24 वर थांबला.

निकाल महत्त्वाचा आहेच, पण आपल्या विषयाच्या दृष्टीनं त्याहून महत्त्वाचा आहे तो 28 हा आकडा. कुंडल्या वाटण्याआधी तो कागदावर होता. त्या क्षणी ज्योतिषाचा हा दावा चुकू शकणारा झाला. काय दिसलं तर दावा पडेल हे सांगता येणं, यालाच विज्ञानाचे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर यांनी फॉल्सिफायेबिलिटी म्हटलं. मराठीत आपण खंडनक्षमता म्हणू. परीक्षेत दरवर्षी होणारा घोळ इथेच टाळा: खंडनक्षम म्हणजे खोटं नव्हे. "पाणी समुद्रसपाटीला 100 अंशांना उकळतं" हे विधान खंडनक्षम आहे आणि टिकूनही आहे. उलट ज्योतिष्याचं पहिलं वाक्य खोटं पाडताच येत नाही, त्याची अडचण तीच.

विज्ञानातलं चक्र साधारण असं फिरतं. काहीतरी खटकतं, त्याचं संभाव्य स्पष्टीकरण म्हणून आपण एक अभ्युपगम मांडतो, तो खरा असेल तर आणखी काय दिसायला हवं ते तर्कानं काढतो, म्हणजे निगमन करतो, मग जाऊन पाहतो. याला अभ्युपगम-निगमन पद्धती म्हणतात. नाव जड आहे, काम रोजचं आहे.

तर्काची खोच मात्र नीट बघा. रात्री पाऊस पडला असेल, तर सकाळी अंगण ओलं असेल. अंगण कोरडं आहे? मग पाऊस नाही पडला. अंगण ओलं आहे? तेवढ्यावरून पाऊस पडला म्हणू नका, आजीनं पहाटे सडा घातला असेल. म्हणजे भाकीत चुकलं तर अभ्युपगम पडतो, पण भाकीत बरोबर आलं तर तो सिद्ध होत नाही, फक्त एका कसोटीला उतरतो. पॉपर यांचा सगळा डोलारा या असमतोलावर उभा आहे.

कोरड्या अंगणाचं प्रकरणही मी सांगितलं तेवढं सरळ नाही. पाऊस दहालाच थांबला असेल, रात्रभर वारा सुटला असेल, तर? युरेनस ग्रहाचं असंच झालं. न्यूटनच्या नियमांप्रमाणे तो जिथे असायला हवा तिथे दिसेना. मग न्यूटन पडला का? फ्रान्सचे खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी न्यूटनला हात लावला नाही. पलीकडे एक न दिसलेला ग्रह युरेनसला ओढत असणार असं धरून त्यांनी त्याची जागा गणितानं काढली आणि बर्लिनच्या वेधशाळेला कळवली. 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री तिथले खगोलशास्त्रज्ञ गाले यांनी दुर्बीण लावली. सांगितल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून सापडला.

पुढे बुधाची कक्षाही थोडी हटून फिरताना दिसली. त्याच ल व्हेरिए यांनी 1859 मध्ये तोच डाव टाकला: सूर्याजवळ आणखी काहीतरी असणार. त्या कल्पित ग्रहाचं नावही ठरलं, व्हल्कन. लोकांनी सूर्यग्रहणं गाठून शोधला. कुणाकुणाला दिसल्यासारखाही वाटला. पण तो नव्हताच. बुधाचा शतकाला 43 विकलांचा, म्हणजे अंशाच्या शंभराव्या भागाहून किंचित जास्त असा, तो फरक अखेर 1915 मध्ये आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेतून निघाला. या वेळी दुरुस्ती न्यूटनच्या सिद्धांतातच करावी लागली.

दोन्ही वेळा माणूस तोच, युक्तिवादाचा साचाही तोच. 1859 मध्ये, व्हल्कन नाही हे कळायच्या आधी, ल व्हेरिए यांचं वागणं शास्त्रीय होतं की नव्हतं? "ग्रहांची साथ मिळाली तर" ही पळवाट आणि "न दिसलेला ग्रह आहे" हा अभ्युपगम, यांत फरक काय? एका पानात लिहून आणा. मंगळवारच्या तासाला आपण इथूनच सुरू करू.