अक्षरी रकमा इंग्रजी अंकांत भरण्यासाठी संख्यांची यादी

सांगली मुख्य शाखेत जुन्या खतावण्यांची संगणक नोंदणी करणाऱ्या सर्व सहकाऱ्यांसाठी

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी तळमजल्यावर आले, तेव्हा भिजलेल्या ठेव-खतावण्यांतील अंकी रकमांच्या रकान्यात अनेक पानांवर शाई पसरली आहे. त्याच ओळीतील अक्षरी रक्कम मात्र बहुतेक ठिकाणी वाचता येते, कारण शब्दातील एखादे अक्षर गेले तरी उरलेल्या अक्षरांवरून तो ओळखता येतो, अंकाच्या बाबतीत तशी सोय नसते. त्यामुळे या पानांपुरती अक्षरी रक्कम प्रमाण मानावी आणि ती खालील यादीप्रमाणे इंग्रजी अंकांत भरावी.

सर्वांत जास्त चुका 'एकोण'ने सुरू होणाऱ्या संख्यांत होतात. 'एकोण' म्हणजे एकाने ऊन, अर्थात एक कमी. म्हणून शब्दात ऐकू येणारी दहाई ही पुढची दहाई असते आणि लिहायची संख्या तिच्या एक पाऊल अलीकडे असते.

एकोणीस (विसाला एक कमी) : 19
एकोणतीस (तिसाला एक कमी) : 29
एकोणचाळीस (चाळिसाला एक कमी) : 39
एकोणपन्नास (पन्नासाला एक कमी) : 49
एकोणसाठ (साठाला एक कमी) : 59
एकोणसत्तर (सत्तराला एक कमी) : 69
एकोणऐंशी (ऐंशीला एक कमी) : 79
एकोणनव्वद (नव्वदाला एक कमी) : 89
नव्याण्णव : 99

शेवटचा शब्द या रांगेत बसत नाही. शंभराला एक कमी असूनही तेथे 'एकोण' येत नाही, नव्वद आणि नऊ असाच हिशेब राहतो.

'एकोणचाळीस' वाचताना चाळीस ऐकून त्यापुढे नऊ लावले की 49 भरले जाते. अशी चूक एककाच्या घरात असेल तर तेरजेत बरोबर 10 चा फरक दिसतो आणि रक्कम हजारांत असेल तर 10000 चा. असा नेमका फरक आढळल्यास सगळे पान पुन्हा तपासण्याआधी त्या पानावरचे 'एकोण'चे शब्द पाहावेत. फरकाला ९ ने निःशेष भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव अधिक असतो, कारण मराठीत आधी एकक आणि मग दहाई बोलली जाते व त्याच क्रमाने हात चालला की त्रेपन्नाचे 53 न होता 35 होतात.

घाईच्या अक्षरात पुढील जोड्या एकमेकींसारख्या दिसतात, त्यामुळे त्या शेजारी शेजारी दिल्या आहेत.

एकोणतीस 29, एकतीस 31
एकोणचाळीस 39, एकेचाळीस 41
एकोणपन्नास 49, एकावन्न 51
एकोणसाठ 59, एकसष्ट 61
एकोणसत्तर 69, एकाहत्तर 71
एकोणऐंशी 79, एक्याऐंशी 81

जुन्या कारकुनांनी 'एकुणचाळीस', 'एकोणचाळिस' असेही लिहिले आहे आणि त्या सर्वांचे 39 च होतात. 'एकूण' हा शब्द सुटा लिहून पुढे 'चाळीस' आले असेल, तर ती बेरीज असू शकते व तेव्हा 40 भरावे लागतील. अशा ठिकाणी अंदाजाने आकडा न भरता वरच्या नोंदींची बेरीज करून पाहावी. हळद आणि बेदाण्याच्या पट्टीतून आलेले पैसे लोकांनी विश्वासाने येथे ठेवले होते, त्यांच्या खात्यातील एका रुपयाचाही फरक आपण क्षुल्लक मानू नये.

'पावणे'मध्येही उणेपण आहे, पण ते पाव भागाचे आहे.

पावणेदोनशे : 175
पावणेचार हजार : 3750
पावणेचाळीस हजार : 39750
एकोणचाळीस हजार : 39000

मोठ्या रकमेत मधली शून्ये सुटू नयेत, म्हणून तीन पूर्ण नमुने देत आहे.

एकोणचाळीस हजार एकोणसाठ : 39059
एकोणसत्तर हजार नऊशे एकोणनव्वद : 69989
एक लाख एकोणपन्नास हजार नव्याण्णव : 149099

अंकी रकाना शाबूत असेल तेथे तो पडताळणीसाठी जरूर पाहावा, मात्र देवनागरी ४ हा इंग्रजी 8 सारखा आणि १ हा 9 सारखा दिसतो, त्यामुळे १४ चे 98 होणार नाहीत याची काळजी घ्यावी. रकमेच्या चौकटीत देवनागरी अंक भरू नयेत, आपली प्रणाली त्यांना मजकूर समजते आणि बेरजेत धरत नाही. स्वल्पविरामही देऊ नये.

अक्षरी आणि अंकी रक्कम जुळत नसेल, किंवा शब्दाचा आरंभच वाचता येत नसेल, तर रकमेची चौकट रिकामी ठेवून शेऱ्यात पान क्रमांक लिहावा आणि ती खतावणी त्याच दिवशी लेखा विभागात आणून द्यावी.

मुख्य लेखापाल