पहिल्या पत्राऐवजी

मिरज, १४ नोव्हेंबर

प्रिय मुक्ता,

रविवारी स्टेशनवर मी दिलेले पत्र तू तिथेच, कोल्हापूरची गाडी लागण्याआधी वाचलेस, नीट घडी घातलीस आणि विचारलेस, "हे नक्की कोणाला लिहिलं आहेस?" तुझ्या आवाजात राग नव्हता, म्हणूनच तो प्रश्न गेले चार दिवस माझ्यासोबत आहे. त्या पत्राची कच्ची प्रत समोर ठेवून मी आज पुन्हा लिहायला बसलो आहे. "तू माझ्या आयुष्याच्या अंधारातील पौर्णिमेचा चंद्र आहेस, तुझे डोळे म्हणजे अथांग सागर आहेत, तूच माझा श्वास आहेस, तुझ्याविना मी पाण्याविना तडफडणारा मासा आहे," हे त्यातले शब्द कोणीही कोणालाही लिहू शकला असता. माझ्या मनात असलेले त्यात काहीच आले नव्हते.

मला खरे तर ऑगस्टमधल्या त्या दुपारविषयी लिहायचे होते. मावशीचा तंबोरा गोधडीत गुंडाळून तू आमच्या कारखान्यात आलीस, तेव्हा तू स्वतः भिजली होतीस आणि गोधडी मात्र जवळपास कोरडी होती. जवारी बिघडली होती. मी घोडी घासत होतो, तारेखालचा दोरा केसभर पुढे, केसभर मागे सरकवत होतो आणि तू समोरच्या चटईवर काही न बोलता बसली होतीस. गिऱ्हाईक सहसा पाच मिनिटांत "झालं का?" विचारते. तू दोन तास विचारले नाहीस. खरजाची पितळी तार अखेर मोकळी बोलली, तेव्हा तू "वा" म्हटले नाहीस, फक्त इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडलास. पहिल्या पत्रात श्वासाचा उल्लेख करताना मला तो श्वास आठवत होता, आणि तेवढेच लिहायचे राहून गेले.

एक गोष्ट तुला अजून सांगितलेली नाही. त्या दिवशी तंबोरा चार वाजताच तयार झाला होता, तरीही "तारा बसायला अजून तासभर लागेल" असे मी म्हणालो, कारण तू उठून जावीस असे मला वाटत नव्हते. कामाच्या बाबतीत मी खोटे बोलत नाही, हे तुला ठाऊक आहे. त्या दिवशी बोललो.

तुझ्या डोळ्यांविषयी मला माहीत आहे ते इतकेच, की स्वर शोधताना तू तारेकडे किंवा माझ्याकडे पाहत नाहीस, तर फरशीवर एका ठिकाणी नजर लावतेस आणि स्वर सापडला की ती हळूच वर उचलतेस. त्या क्षणी माझ्याकडे पाहिलेस, की माझ्या हातातली कानस थांबते. हे आमच्या कारखान्यात सर्वांच्या लक्षात आले आहे, बाबांच्यासुद्धा.

बाबांच्या ऑपरेशनच्या आठवड्यात तू रोज संध्याकाळी येत होतीस. धीराचे शब्द तू बोलली नाहीस. पंढरपूरकडून आलेल्या भोपळ्यांची मोजणी माझ्या हातून चुकली होती, ती तू माळ्यावर चढून, एकेका भोपळ्यावर टिचकी मारून, पुन्हा करून दिलीस आणि कोणता भोपळा कशासाठी राखायचा हे मला विचारून वहीत लिहिलेस. तुझ्या अक्षरातले ते पान मी अजून उलटलेले नाही. पुढचा हिशेब मागच्या बाजूने लिहितो आहे.

तुझ्याविना मी तडफडत नाही, मुक्ता. मी कामाला येतो, जेवतो, झोपतो. पण एखादा तंबोरा मनासारखा लागला, की आधी तुला ऐकवावा असे वाटते, आणि तू कोल्हापुरात असल्याने तो आनंद संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ अर्धाच राहतो. चारही तारा सुरात असूनही जवारी नसली की नाद जसा कोरडा राहतो, तसे तुझ्याशिवायचे माझे दिवस आहेत. ही उपमा माझ्या हातातून आलेली आहे, म्हणून ती लिहिण्याचा मला संकोच वाटत नाही.

सात जन्मांचे वचन मी पहिल्या पत्रात दिले होते, ते मागे घेतो. त्याऐवजी सांगतो, की तुझा पहाटेचा रियाज चुकेल अशी कोणतीही जबाबदारी मी या घरात तुझ्यावर पडू देणार नाही, आणि पहाटे तंबोरा जुळवून तुझ्या हाती देणे हे काम मला आयुष्यभर करायला आवडेल. आई-बाबांशी मी बोललो आहे. तुझ्या घरी येऊन विचारण्याआधी तुला विचारतो आहे: माझ्याशी लग्न करशील?

लाकूड निवडून ठेवले आहे, तुझ्या पट्टीचा नवा तंबोरा करायचा आहे. तुझे उत्तर काहीही असले, तरी तो मी तुझ्यासाठीच करणार आहे. येत्या रविवारी सकाळच्या गाडीने ये. मी फलाटावर असेन.

तुझा,
श्रीधर