प्रस्ताव मागणी : तूर डाळ मिलचा पुरवठा व उभारणी

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीला (ता. दारव्हा, जि. यवतमाळ) ताशी 2 क्विंटल क्षमतेची डाळ मिल हवी आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची पीकेव्ही मिनी डाळ मिल किंवा दुसरी कोणतीही चालेल; आम्हाला नावाशी नाही, उताऱ्याशी मतलब.

सर्वांनी एकच हिशेब धरावा : 10 क्विंटल स्वच्छ तूर, ओलावा 10 टक्के. त्यातून डाळ, चुरी आणि टरफल किती किलो, वीज किती युनिट, मजूर किती, ते लिहा. 'उत्तम उतारा' असे मोघम लिहिल्यास शून्य गुण. दर जीएसटी, वाहतूक, उभारणी व दोन वर्षांची देखभाल धरून एकच आकडा.

गुण (एकूण 100) :
उतारा व तुटीचे प्रमाण – 35
एकूण किंमत – 30
दुरुस्ती सेवा व सुटे भाग – 20
वीजखर्च – 15

किंमतीचे गुण = सर्वांत कमी किंमत ÷ तुमची किंमत × 30. उताऱ्यात पहिल्या दोघांची चाचणी आमच्याच तुरीवर, आमच्यासमोर होईल. कागदावरचा आकडा चाचणीत घसरला तर चाचणीचाच धरू.

तूर निघाली की मिल बंद पडून चालत नाही. म्हणून जानेवारी ते एप्रिल 48 तासांत मिस्त्री येईल, असे लेखी द्या. गावात व्होल्टेज पडते; मोटार त्याला टिकणारी हवी.

तांत्रिक माहिती व दर वेगळ्या सीलबंद लिफाफ्यांत, 20 नोव्हेंबर 2026, सायंकाळी 5 पर्यंत कार्यालयात. उशिरा आलेला लिफाफा न उघडता परत जाईल.